पगारवाढीचं पत्र हातात, पण पगार कमी: सीटीसीची नवी मांडणी ओळ-ओळ कशी वाचायची

इन्क्रिमेंट लेटरच्या पहिल्या पानावर एक टक्केवारी असते आणि अभिनंदनाचा परिच्छेद असतो. खरा मजकूर शेवटच्या पानावर, अ‍ॅनेक्शरमध्ये असतो. तिथे पगाराचे घटक कोष्टकात मांडलेले असतात आणि बहुतेक जण ते न वाचताच पोर्टलवर 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतात. मग पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि गोंधळ उडतो, कारण वाढ १० टक्के असूनही खात्यात आधीपेक्षा कमी रक्कम आलेली असते.

याचं कारण असं की टक्केवारी सीटीसीवर दिलेली असते आणि तुमचं घर चालतं ते इन हँड पगारावर. कंपनीने वाढीबरोबरच घटकांची मांडणी बदलली, तर हे दोन आकडे वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि तेव्हापासून अनेक कंपन्यांनी ही मांडणी बदलायला घेतली आहे. म्हणून इथे तेच एक प्रकरण सविस्तर घेतो: पगारवाढ झाली, बेसिक वाढलं आणि हातातला पगार घटला.

उदाहरण चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या इंजिनिअरचं धरू. नोकरीला सहा वर्षं झाली आहेत. जुनी सीटीसी वर्षाला ९,००,००० होती, नवी ९,९०,००० आहे, म्हणजे पत्रावर १० टक्के वाढ. नव्या कर प्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही, त्यामुळे कराचा गुंता मध्ये येणार नाही.

आधी दोन्ही अ‍ॅनेक्शर एकाच कागदावर उतरवा

जुनं पत्र किंवा गेल्या महिन्याची पे-स्लिप शोधा. नव्या पत्रातले आकडे बहुधा वर्षाचे असतात, तर पे-स्लिपवरचे महिन्याचे. सगळे महिन्यावर आणा आणि शेजारी शेजारी लिहा. या इंजिनिअरचा कागद असा दिसतो:

| घटक (दरमहा, रुपये) | जुना | नवा |
|---|---|---|
| बेसिक | २२,५०० | ४१,२५० |
| एचआरए | ११,२५० | १६,५०० |
| स्पेशल अलाउन्स | ३७,४६८ | १०,२१६ |
| ग्रॉस | ७१,२१८ | ६७,९६६ |
| कंपनीचा पीएफ | २,७०० | ४,९५० |
| ग्रॅच्युइटी | १,०८२ | १,९८४ |
| मेडिक्लेमचा हप्ता | – | १,००० |
| व्हेरिएबल | – | ६,६०० |
| सीटीसी | ७५,००० | ८२,५०० |
| स्वतःचा पीएफ (वजा) | २,७०० | ४,९५० |
| प्रोफेशन टॅक्स (वजा) | २०० | २०० |
| इन हँड | ६८,३१८ | ६२,८१६ |

सीटीसी महिन्याला ७,५०० ने वाढली आणि हातात येणारी रक्कम ५,५०२ ने घटली. पत्रात कुठेही चूक नाही, प्रत्येक बेरीज बरोबर आहे.

कागद करताना दोन ठिकाणी गफलत होते. एक म्हणजे ग्रॉस आणि सीटीसी एकच समजणं. ग्रॉस म्हणजे पे-स्लिपच्या डाव्या बाजूची, दरमहा मिळणाऱ्या रकमांची बेरीज. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि व्हेरिएबल त्यात येत नाहीत. दुसरी गफलत पीएफची. तो दोनदा लिहिला जातो आणि दोन्ही वेळा तुमच्याच सीटीसीतून जातो: कंपनीचा वाटा ग्रॉस ठरण्याआधीच बाजूला काढला जातो आणि तुमचा वाटा ग्रॉसमधून कापला जातो. म्हणून बेसिक १०० रुपयांनी वाढलं की हातात येणारे १२ नव्हे, २४ रुपये पीएफकडे वळतात. इन हँड घटण्याचं सगळ्यात मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

प्रोफेशन टॅक्स महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो. फेब्रुवारीची पे-स्लिप समोर ठेवून तुलना करत असाल तर एवढा फरक लक्षात ठेवा.

वाढीचा प्रत्येक रुपया कुठे गेला ते चार खान्यांत टाका

आता दोन रकाने एकमेकांतून वजा करा आणि प्रत्येक फरक चारपैकी एका खान्यात टाका. पहिला खाना आत्ता हातात येणाऱ्या पैशाचा. दुसरा, नंतर मिळणाऱ्या पण नक्की तुमच्याच पैशाचा. तिसरा, अट पूर्ण झाली तरच मिळणाऱ्या पैशाचा. चौथा, कंपनीच्या अशा खर्चाचा जो तुमच्या नावावर लिहिलेला आहे पण रोख म्हणून तुम्हाला कधीच मिळणार नाही.

या उदाहरणात वर्षाचा हिशोब असा लागतो. हातात येणारी रक्कम ६६,०२४ ने घटली. पीएफमध्ये जाणारी रक्कम ५४,००० ने वाढली, त्यात निम्मा वाटा कंपनीचा आणि निम्मा स्वतःचा. ग्रॅच्युइटीच्या नावाने १०,८२४ वाढले. मेडिक्लेमचे १२,००० आले. व्हेरिएबलचे ७९,२०० आले, पूर्ण मिळालं तर. या सगळ्यांची बेरीज वजाबाकीच्या चिन्हांसकट करा: बरोबर ९०,००० येते, म्हणजे पत्रातली वाढ. ही पडताळणी नक्की करा. चारही खान्यांची बेरीज वाढीइतकी आली नाही, तर तुमच्या कागदावर एखादी ओळ सुटली आहे किंवा पत्रात एखादा घटक दुसऱ्या नावाने आला आहे.

हे झालं की पत्राचा खरा अर्थ दिसतो. व्हेरिएबलचा एक रुपयाही मिळाला नाही, तर हातातली घट आणि पीएफमधली वाढ एकत्र धरूनही हा माणूस वर्षाला १२,०२४ रुपयांनी मागे आहे. म्हणजे ज्याला वाढ म्हटलं आहे, ती जवळजवळ सगळी व्हेरिएबलवर उभी आहे. फक्त हातातला पैसा पूर्वीइतका व्हायला व्हेरिएबल सुमारे ८३ टक्के मिळावं लागेल. समजा गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता ७० टक्के मिळेल असं धरलं, तर ५५,४४० रुपये येतील. त्यातून १२,०२४ गेले की निव्वळ वाढ ४३,४१६ उरते. आधी हातात आणि पीएफ खात्यात मिळून वर्षाला ८,८४,६१६ जात होते, त्यावर ही वाढ सुमारे ५ टक्के होते. मॅनेजरशी बोलताना १० टक्क्यांवर चर्चा करण्यापेक्षा या ५ टक्क्यांवर करा, कारण तुमच्यापर्यंत पोहोचणारा आकडा तोच आहे.

'सरकारच्या नियमामुळे बेसिक वाढवावं लागलं' हे कितपत खरं?

एचआरकडे विचारलं की हे उत्तर ठरलेलं असतं. ते पूर्ण खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात तुमचे महिन्याचे काही हजार रुपये आहेत.

वेतन संहितेत बेसिक सीटीसीच्या ५० टक्के असावं असं कुठेही लिहिलेलं नाही. तिथे 'वेतन' या शब्दाची व्याख्या आहे. एचआरए, प्रवासभत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, कंपनीचा पीएफ अशा काही रकमा वेतनातून वगळल्या आहेत. मात्र या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. हेतू उघड आहे: बेसिक अगदी लहान ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायचं आणि पीएफ, ग्रॅच्युइटी वाचवायची, ही पद्धत बंद करणं. वगळलेल्यांच्या यादीत स्पेशल अलाउन्स नावाची ओळ नाही, हेही ध्यानात घ्या. आपल्या उदाहरणातल्या जुन्या मांडणीत एचआरए आणि कंपनीचा पीएफ मिळून १३,९५० होत होते, म्हणजे निम्म्याच्या जवळपासही नाहीत. व्याख्येच्या शब्दांवर गेलं तर बेसिकला हात लावणं सक्तीचं होतं असं म्हणता येत नाही. अनेक कंपन्या वाद नको म्हणून बेसिकच निम्म्यावर नेतात. तो त्यांचा सावध निर्णय आहे आणि त्यात गैर काही नाही, पण तो कंपनीचा निर्णय आहे.

खरा मुद्दा पीएफचा. सप्टेंबर २०१४ पासून पीएफसाठीची वेतनमर्यादा महिन्याला १५,००० आहे. तेवढ्या वेतनावर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, इतकंच अंशदान सक्तीचं आहे. त्याच्या वरच्या पगारावर पीएफ भरणं ऐच्छिक आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयानेही हेच स्पष्ट केलं: पीएफ कायदेशीर मर्यादेवर कापला जात असेल, तर नव्या संहितांमुळे हातातला पगार कमी होत नाही. म्हणजे ४१,२५० वर पूर्ण १२ टक्के कापायचे हे धोरण कायद्याने नाही, कंपनीने ठरवलं आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. बाकी सगळं तसंच ठेवून दोन्ही बाजूंचा पीएफ १,८०० वर आणला, तर इन हँड ६९,११६ होतो, म्हणजे जुन्यापेक्षा ७९८ रुपये जास्त. जुन्याइतका, म्हणजे २,७०० ठेवला, तरी ६७,३१६ होतो आणि घट फक्त १,००२ रुपयांची उरते. तेव्हा एचआरला पहिला प्रश्न हाच विचारा: पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की मर्यादेवर, आणि निवड करायला मिळते का? काही कंपन्या नव्या मांडणीच्या वेळी एकदाच खिडकी उघडतात आणि ती तारीख गेली की पुढच्या वर्षापर्यंत काही करता येत नाही. आधीपासून जास्त पगारावर पीएफ भरणाऱ्यांचं अंशदान खाली आणायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. तरी 'निदान आताच्या रकमेवर ठेवा' ही मागणी वाजवी आहे आणि ती लेखी करावी.

पण निवड मिळाली म्हणून लगेच कमी पीएफ निवडू नका. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं आणि नव्या कर प्रणालीतही कंपनीचा वाटा तुमच्या करपात्र पगारात धरला जात नाही (सगळ्या निवृत्तीनिधींत मिळून वर्षाला साडेसात लाखांपर्यंत). चाळिशी ओलांडलेल्या आणि दुसरी बचत नसलेल्या माणसाला मी पूर्ण बेसिकवरचा पीएफच ठेवायला सांगेन. घराचा हप्ता आणि मुलांची फी यांत महिन्याअखेर ओढाताण होत असेल, त्यातच क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर मात्र हातातले पाच हजार पीएफमध्ये अडकवून ३०-४० टक्क्यांनी कार्डाचं व्याज भरणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

पीएफची ओळ वाचताना आणखी एक बारीक गोष्ट. कंपनीचा वाटा बेसिकच्या १२ टक्के आहे की १३ टक्क्यांच्या आसपास, ते भागून पाहा. १२ च्या वर असेल, तर प्रशासकीय शुल्क आणि कर्मचारी विमा योजनेचा हप्ताही तुमच्या सीटीसीत घातला आहे. ते पैसे तुमच्या पीएफ खात्यात जात नाहीत, म्हणून वरच्या कागदावर ते चौथ्या खान्यात जातात. शिवाय कंपनीच्या वाट्यातले १,२५० पर्यंत पेन्शन योजनेत जातात. बेसिक कितीही वाढलं तरी हा आकडा बहुतेकांसाठी तेवढाच राहतो, त्यामुळे बेसिकबरोबर पेन्शन वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ग्रॅच्युइटीची ओळ: दिसते तेवढी साधी नाही

सीटीसीत ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरलेली दिसते. हा आकडा येतो सूत्रातून: एका वर्षाच्या नोकरीसाठी शेवटच्या वेतनाचे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून. १५ ला २६ ने भागा, मग १२ ने भागा, की ४.८१ टक्के येतात. ही रक्कम दरमहा कुठल्याही तुमच्या खात्यात जमा होत नाही. कंपनी ती फक्त तरतूद म्हणून धरते. कायम नोकरदाराला पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हक्क मिळतो. मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेनुसार एका वर्षानंतर मिळतो. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या माणसाने ही ओळ सरळ चौथ्या खान्यात टाकावी.

पण ज्याची पाच वर्षं झाली आहेत त्याच्यासाठी बेसिक वाढण्याचा एक मोठा फायदा इथे लपलेला असतो आणि तो पत्रात कुठेच दिसत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर काढतात आणि तीच पूर्ण नोकरीच्या वर्षांना लागू होते. फक्त बेसिकवर हिशोब धरला, तर सहा वर्षांची ग्रॅच्युइटी २२,५०० वर ७७,८८५ होत होती. ४१,२५० वर तीच सहा वर्षं १,४२,७८८ ची होतात. म्हणजे मागच्या नोकरीचं मोल एका पत्राने सुमारे ६५,००० ने वाढलं. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं एकाच ठिकाणी काढलेल्यांनी 'बेसिक वाढवू नका' असा आग्रह धरण्याआधी हा हिशोब करावा.

इथे एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: कंपनी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर काढणार आहे की संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार? व्याख्येत स्पेशल अलाउन्सही धरला तर रक्कम बरीच वेगळी येते. हिशोबाचा आधार कोणता, हे नोकरी सोडताना भांडून समजण्यापेक्षा आत्ता ईमेलवर आलेलं बरं.

व्हेरिएबल: आकड्याआधी अटी वाचा

व्हेरिएबल पूर्वी सीटीसीच्या बाहेर वेगळा बोनस म्हणून मिळत होतं का, हे आधी आठवा. तसं असेल आणि आता ते आत ओढलं गेलं असेल, तर ७९,२०० मधला तेवढा भाग वाढ म्हणून मोजायचाच नाही. नवाच घटक असेल तर पत्रात किंवा पॉलिसीत चार गोष्टी शोधा. ही रक्कम किमान हमीची आहे की पूर्ण उद्दिष्ट गाठल्यावर मिळणारी? उद्दिष्ट तुमच्या कामगिरीचं आहे की कंपनीच्या नफ्याचं, की दोन्हींचा गुणाकार? पैसे दरमहा, तिमाहीला की वर्षाअखेर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे वाटप होण्याच्या दिवशी तुम्ही पटावर असणं आवश्यक आहे का?

शेवटची अट फार महाग पडते. मार्चपर्यंतच्या वर्षाचं व्हेरिएबल जूनमध्ये वाटलं जात असेल आणि मेमध्ये राजीनाम्याचा नोटिस पीरियड चालू असेल, तर वर्षभराचं काम होऊनही रक्कम शून्य होऊ शकते. दोन घटक गुणले जात असतील तर तेही पाहा: तुमची कामगिरी ९० टक्के आणि कंपनीची ७० टक्के धरली, तर हातात ६३ टक्केच येतात, सरासरी ८० नाही. टीममधल्या जुन्या माणसांना विचारा की गेल्या तीन वर्षांत खरंच किती टक्के मिळालं. एचआरच्या सादरीकरणापेक्षा त्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवता येतो.

मेडिक्लेमचे हजार रुपये

गेल्या वर्षीही कंपनीचा गट विमा होताच, फक्त हप्ता सीटीसीत दिसत नव्हता, असं बऱ्याचदा असतं. मग ही ओळ म्हणजे जुन्याच सोयीचा खर्च नव्याने तुमच्या खात्यावर टाकणं होय. विम्याची रक्कम किंवा कुटुंबाचा समावेश वाढला असेल तर गोष्ट वेगळी. पॉलिसीचं कार्ड काढून दोन्ही वर्षांचं कव्हर बघा, एवढं पुरे.

करपात्र पगार १२ लाखांच्या आसपास असेल तर

आपल्या उदाहरणात कर शून्य आहे. पण ज्यांचा पगार १२-१३ लाखांच्या घरात आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा.

नव्या कर प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पगारदारांना ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, म्हणून ग्रॉस १२,७५,००० पर्यंत कर शून्य. त्यावर एक पट्टा असा येतो जिथे वाढ जवळजवळ सगळी करात जाते. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं, तर स्लॅबने कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या जास्तीच्या रकमेइतकाच, म्हणजे १०,००० घेतला जातो, अधिक ४ टक्के उपकर. म्हणजे वाढलेले दहा हजार जवळपास पूर्ण गेले. साधारण १२ लाख ७० हजारांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत हीच स्थिती राहते.

या पट्ट्यात असाल, तर वाढीव बेसिक उलट उपयोगी पडतं. कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या प्रणालीतही वजावटीला पात्र आहे. बेसिक जितकं मोठं, तितकी ही जागा मोठी. सीटीसीतला स्पेशल अलाउन्स कमी करून तेवढी रक्कम कंपनीमार्फत एनपीएसमध्ये घ्यायची सोय आहे का, ते विचारा. कंपनीने भरलेलीच रक्कम चालते. स्वतःच्या बँक खात्यातून भरलेल्या एनपीएसला नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही. पैसे मात्र निवृत्तीपर्यंत अडकतात, हे मान्य असेल तरच हा मार्ग.

जुन्या प्रणालीत असणाऱ्यांनी एचआरएची सूट नव्या बेसिकवर पुन्हा काढावी. तिच्या सूत्रात भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा होतात, त्यामुळे भाडं तेच राहिलं आणि बेसिक वाढलं की ही एक मर्यादा खाली येते.

लागू होण्याची तारीख आणि पहिल्या महिन्यांच्या पे-स्लिप

पत्र जुलैत आलं आणि वाढ एप्रिलपासून लागू असेल, तर एरिअर्स मिळतील अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण मांडणी बदलून इन हँड घटलेला असेल, तर एरिअर्स उणे होऊ शकतात. आपल्या उदाहरणात तीन महिन्यांचा फरक १६,५०६ रुपयांचा होतो आणि तो जुलैच्या पगारातून एकदम वसूल झाला, तर त्या महिन्याचे हप्ते अडतील. म्हणून सही करण्याआधी विचारा: वाढ मागच्या तारखेपासून असली तरी नवी मांडणी पुढच्या महिन्यापासून लावता येईल का? पेरोलला हे करता येतं, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

याच वेळी आणखी एक मागणी करून पाहण्यासारखी आहे. मांडणी बदलल्यामुळे हातातला पगार घटत असेल, तर तेवढ्या फरकापुरता तात्पुरता भत्ता पुढच्या पगारवाढीपर्यंत मिळावा, ही. आपल्या उदाहरणात हा फरक महिन्याला ५,५०२ आहे. आकडा घेऊन गेलात तर ही मागणी तक्रारीसारखी वाटत नाही.

एचआरला पाठवायचा ईमेल छोटा ठेवा. असा चालेल: 'मॅडम, पगारवाढीबद्दल आभारी आहे. नव्या मांडणीनुसार माझा इन हँड पगार ६८,३१८ वरून ६२,८१६ वर येतो असं दिसतं. कृपया चार गोष्टी कळवाव्यात. पीएफ पूर्ण बेसिकवर आहे का आणि सध्याच्या २,७०० वर ठेवण्याचा पर्याय आहे का? व्हेरिएबलच्या अटी आणि वाटपाचा महिना कोणता? ग्रॅच्युइटी कोणत्या वेतनावर काढली जाईल? नवी मांडणी कोणत्या महिन्यापासून लागू होईल? उत्तर आल्यावर मी पत्र स्वीकारतो.' एचआर फोनवर समजावून सांगतील, ते ऐकून घ्या आणि मग 'आपल्या बोलण्यानुसार असं ठरलं' एवढं लिहून परत ईमेल करा.

त्याच पत्रात नोटिस पीरियड वाढवला आहे का आणि नोटिस न दिल्यास कापायची रक्कम बेसिकवर आहे की ग्रॉसवर, तेही पाहून घ्या. बेसिकवर असेल तर बेसिक जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे नोकरी सोडण्याचा खर्चही तितकाच वाढला. उलट शिल्लक रजांचे पैसे बेसिकवर मिळत असतील, तर तिथे तुमचा फायदा झाला.

सही केल्यावर पहिल्या पे-स्लिपवरून निष्कर्ष काढू नका. तिच्यात एरिअर्स, वसुली आणि टीडीएसची जुळवाजुळव मिसळलेली असते. तिसऱ्या महिन्याची पे-स्लिप अ‍ॅनेक्शरशी ओळीने जुळवा आणि त्याच सुमारास ईपीएफओच्या पासबुकमध्ये दोन्ही वाटे पाहा. आपल्या उदाहरणात कर्मचाऱ्याचा वाटा ४,९५०, कंपनीचा ३,७०० आणि पेन्शनचा १,२५० दिसायला हवा. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच १५,००० हून जास्त पगारावर पीएफमध्ये आलेल्यांना पेन्शनचा रकाना रिकामा दिसेल आणि कंपनीचे पूर्ण ४,९५० खात्यात दिसतील. पे-स्लिपवर ४,९५० कापलेले आणि पासबुकात अजून २,७०० च असतील, तर पेरोलमध्ये नवं बेसिक पीएफला लागू झालेलं नाही. ते त्याच महिन्यात कळवा, कारण वर्षाअखेर ही दुरुस्ती एकरकमी वसुली होऊन तुमच्याच पगारातून निघते.